चढावर पॅक तापतो, सपाटीवर नाही: सेलमधल्या दोन उष्णता आणि तपासणीचा क्रम

मोटरचं किट बसवलेल्या सायकली आणि हलक्या ई-स्कूटरचे लिथियम पॅक दुरुस्तीला येतात, त्यातली बरीच तक्रार एकाच वळणाची असते: 'एरवी ठीक चालतं, चढ आला की पॅक भाजतो.' पुण्यात कात्रज किंवा दिवे घाट रोज चढणाऱ्यांकडून हे जास्त ऐकू येतं आणि उन्हाळ्यात विदर्भातून सपाटीवरही ऐकू येतं. दर वेळी पॅक उघडावा लागत नाही. कोणती उष्णता कुठून येते एवढं कळलं तर पुष्कळ पॅक न उघडताच उलगडतात.

लक्षणं आधी नीट लिहून घ्या

'तापतो' या एका शब्दात निदान चार वेगवेगळे प्रकार दडलेले असतात. आपला कोणता, ते ठरवा.

पहिला प्रकार: सपाटीवर पॅक कोमट, चढावर दहा मिनिटांत हाताला चटका. थांबलं की तासाभरात निवतो. दुसरा: सकाळी जाताना काही नाही, संध्याकाळी त्याच रस्त्यानं, त्याच वेगानं परतताना जास्त गरम. चार्ज तेव्हा तळाला आलेला असतो. तिसरा: पॅकचा एकच कोपरा किंवा कनेक्टर तापतो, बाकी अंग थंड. चौथा: गाडी उभी आहे, चार्जरही लावलेला नाही, तरी पॅक गरम लागतो.

चौथा प्रकार असेल तर खालच्या तपासण्या तुमच्यासाठी नाहीत. सरळ शेवटच्या भागाकडे जा. करंट शून्य असताना या लेखातली कुठलीच उष्णता तयार होत नाही. उन्हात नसतानाही पॅक तापत असेल तर आत काहीतरी शॉर्ट असण्याची शक्यता धरा.

सोबत एवढंही टिपा: चार्ज किती टक्के होता, बाहेर ऊन किती होतं, पॅक त्याआधी कुठे उभा होता, आणि डिस्प्लेवर किंवा ॲपमध्ये करंट दिसत असेल तर चढावर किती ॲम्पियर होते.

सेल तापतो तो दोन कारणांनी

१९८५ साली बर्कलीतल्या बर्नार्डी, पावलिकोव्स्की आणि न्यूमन यांनी बॅटरीच्या उष्णतेचा जो हिशेब मांडला, त्याचं छोटं रूप आजही सगळीकडे वापरतात:

```
Q = I(U − V) − I·T·(dU/dT)
```

`I` म्हणजे करंट, सेल रिकामा होताना धन आणि चार्ज होताना ऋण. `U` हे सेल निवांत असतानाचं व्होल्टेज, `V` हे भाराखालचं, `T` हे केल्व्हिनमधलं तापमान. `dU/dT` म्हणजे तापमान एका अंशानं बदललं तर निवांत व्होल्टेज किती सरकतं तो आकडा.

पहिलं पद ही न उलटणारी, म्हणजे इर्रिव्हर्सिबल उष्णता. भाराखाली व्होल्टेज जेवढं खाली बसतं, तेवढं सेलच्या आतच जळतं. हे बसणं अंतर्गत रोधामुळे असतं, म्हणून `U − V` ला `I × R` म्हणता येतं आणि उष्णता होते `I²R`. करंट दुप्पट झाला की ती चौपट. चार्ज करा किंवा वापरा, ही नेहमी तापवतेच.

दुसरं पद ही उलटणारी, रिव्हर्सिबल उष्णता. लिथियमचे आयन एका इलेक्ट्रोडमधून निघून दुसऱ्यात बसतात, तेव्हा त्या बसण्याची एन्ट्रॉपी बदलते आणि तेवढी उष्णता सेल बाहेर टाकतो किंवा आत ओढतो. ही करंटच्या साध्या प्रमाणात वाढते, वर्गानं नाही. आणि करंटची दिशा उलटली की हिचंही चिन्ह उलटतं. म्हणजे रिकामं होताना ज्या टप्प्यात सेल तापला, त्याच टप्प्यात सावकाश चार्ज करताना तो किंचित थंडही होऊ शकतो. बऱ्याच निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या, म्हणजे एनएमसी सेलमध्ये चार्ज तळाला असताना `dU/dT` ऋण असतो, म्हणून रिकामं होण्याच्या शेवटच्या टप्प्यात ही उष्णता तापवणारी असते. मधल्या टप्प्यात ती बहुतेक नगण्य असते, कधी उलट्या चिन्हाची.

आता आकडे घालू. दुरुस्तीला सगळ्यात जास्त येणारा पॅक घ्या: ४८ व्होल्ट, १० ॲम्पियर-तास. तेरा गट एकामागे एक, प्रत्येक गटात चार सेल समांतर, एकूण ५२ सेल, प्रत्येकी अडीच ॲम्पियर-तासाचा १८६५० आकाराचा सेल. एका सेलचा परिणामी रोध ४० मिलिओम धरू आणि तळाच्या टप्प्यातला `dU/dT` उणे ०.२ मिलिव्होल्ट प्रति केल्व्हिन. ३०० केल्व्हिनला, म्हणजे २७ अंश सेल्सिअसला, `T × dU/dT` येतो उणे ६० मिलिव्होल्ट, सूत्रातल्या वजा चिन्हानं तो धन होतो. हे दोन्ही आकडे सेलच्या जातीप्रमाणे बदलतात, पण हिशेबाची चाल तीच राहते.

सपाटीवर पॅकमधून ६ ॲम्पियर जातात, सेलच्या वाट्याला दीड. उलटणारी उष्णता १.५ × ०.०६, म्हणजे ०.०९ वॉट. न उलटणारी १.५ × १.५ × ०.०४, तीही ०.०९ वॉट. बरोबरीचा सामना. दीड ॲम्पियरच्या खाली उलटणारीचं राज्य, वर न उलटणारीचं.

चढावर मोटरला करंट पुरवणारा कंट्रोलर २० ॲम्पियर ओढतो, सेलच्या वाट्याला ५. उलटणारी झाली ०.३ वॉट, न उलटणारी १ वॉट. करंट सव्वातीनपट झाला, पण एकूण उष्णता ०.१८ वरून १.३ वॉटवर, सातपटीहून जास्त. अख्ख्या पॅकचं बघितलं तर सव्वानऊ वॉटवरून ६८ वॉट. चढावर एकदम भडका उडाल्यासारखं वाटतं ते यामुळे. सेल बिघडला असला पाहिजे असं अजिबात नाही. निरोगी सेलही असाच वागतो.

आणि ही उष्णता बाहेर जायला जागा तेवढीच. असा पॅक स्थिर हवेत दर अंशाच्या फरकाला साधारण एक-सव्वा वॉट बाहेर टाकतो. सव्वानऊ वॉट तो आठेक अंश चढून सहज संपवतो. ६८ वॉट संपवायला त्याला पन्नास अंशांहून वर जावं लागेल. तेवढा वेळ मिळत नाही, त्याआधी चार्ज संपतो किंवा पॅकमधलं संरक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, करंट तोडतं. म्हणून चढावरचा प्रश्न 'किती निवतो' यापेक्षा 'किती मिनिटं टिकतो' असा होतो. ४५ ग्रॅमचा एक सेल एक अंश चढायला साधारण ४३ जूल घेतो. १.३ वॉट म्हणजे मिनिटाला १.८ अंश. पॅकच्या मधोमध बसलेल्या सेलला बाजूनं वारा नसतोच, त्यामुळे त्याच्यासाठी हा आकडा जवळपास जसाच्या तसा लागू पडतो. दहा मिनिटांचा घाट, १८ अंश.

पहिली तपासणी, फुकट: सुरुवातीचं तापमान

वरचे १८ अंश कशावर चढतात ते बघा. २५ अंशांच्या सावलीतून निघालात तर ४३. अकोल्यात किंवा नागपुरात मे महिन्यात ४० अंशांच्या पॅकनं निघालात तर ५८. बहुतेक सेलच्या माहितीपत्रकात वापरताना ६० आणि चार्ज करताना ४५ अंश ही वरची मर्यादा दिलेली असते. म्हणजे त्याच चढावर, त्याच पॅकमध्ये, काहीही न बिघडता तुम्ही मर्यादेला टेकता. उन्हात काळ्या पेटीत उभा राहिलेला पॅक तर हवेपेक्षाही गरम असतो.

दोन दिवस गाडी सावलीत लावा, पॅक काढता येत असेल तर घरात ठेवा आणि चार्जिंग संपल्यावर अर्धा तास थांबून निघा. तक्रार गेली तर पॅकमध्ये दोष नव्हता. ही तपासणी पहिली यासाठी की तिला खर्च नाही, आणि ती न करता पुढची मोजमापं केली तर दर वेळी वेगळं उत्तर येतं.

दुसरी, जवळपास फुकट: करंट कोण वाढवतंय

उष्णता करंटच्या वर्गानं वाढत असेल तर करंटमधली थोडी कपातही मोठी पडते. टायरमधली हवा भरा. चाक उचलून हातानं फिरवा, ब्रेकचं पॅड घासतंय का ऐका. मागच्या कॅरिअरवर किती सामान आहे ते प्रामाणिकपणे बघा. चढावर पूर्ण थांबून पुन्हा निघायची सवय असेल तर ती मोडा. हब मोटर अगदी कमी वेगात असताना करंट पूर्ण ओढते पण त्यातला फार थोडा भाग चाकाला पोचतो.

कंट्रोलरमध्ये करंटची मर्यादा बदलता येत असेल तर ती २० वरून १५ ॲम्पियर करून बघा. सेलच्या वाट्याला ३.७५ येतात, उष्णता ०.७९ वॉट, पूर्ण पॅकची ४१ वॉट. करंट पाव भागानं घटला, उष्णता चाळीस टक्क्यांनी. घाट चढायला थोडा वेळ जास्त लागेल, तरी चढ संपेपर्यंतची एकूण उष्णता कमीच पडते, कारण उष्णता करंटच्या वर्गानं घटते आणि वेळ साधारण करंटच्याच प्रमाणात वाढतो.

उलटं करणारेही भेटतात. 'पॉवर वाढवून दिली' म्हणून ३० ॲम्पियरचा कंट्रोलर बसवून आणतात आणि महिन्याभरात पॅक तापतो म्हणून तक्रार घेऊन येतात. त्याच सेलवर ३० ॲम्पियर म्हणजे १४० वॉटची शेगडी. पॅक बदलून हे सुटणार नाही, कंट्रोलर मागे घ्यावा लागतो.

संध्याकाळच्या परतीचं कोडंही इथेच बरंचसं सुटतं. ठरावीक वेगानं चढ चढायला ठरावीक शक्ती लागते, समजा ७८० वॉट. पॅक भरलेला, भाराखाली ५२ व्होल्ट असेल तर त्यासाठी १५ ॲम्पियर पुरतात. तळाला येऊन ३९ व्होल्ट राहिले तर २० लागतात. वर्ग केला की पावणेदोनपट उष्णता. त्यात तळाला सेलचा रोधही वाढतो, कारण इलेक्ट्रोडच्या आत आयनांची ये-जा अवघड होते. आणि वरून त्या टप्प्यात उलटणारी उष्णता तापवण्याच्या बाजूनं उभी असते. तिन्ही गोष्टी एकाच दिशेनं. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या लक्षणाला माझा पहिला सल्ला असतो की घाट चार्जच्या वरच्या अर्ध्या भागात चढा, आणि तरीही फरक पडला नाही तरच पुढे जा.

तिसरी: कनेक्टर आणि वायर

चढ चढून थांबल्यावर लगेच, मिनिटाच्या आत, पॅकचा मुख्य कनेक्टर, फ्यूजची जागा आणि वायर जिथे कंट्रोलरला जाते ती जागा तपासा. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, पण चकचकीत धातूवर तो खूप कमी दाखवतो. त्यावर आधी कागदी टेपचा तुकडा चिकटवा आणि टेपवर नेम धरा.

सैल कनेक्टरमध्ये फक्त १० मिलिओम रोध आला तरी २० ॲम्पियरला तिथे ४ वॉट जळतात. ४ वॉट म्हणजे तीन सेलची उष्णता एका बोटाएवढ्या जागेत. प्लास्टिक पिवळं पडलेलं, पिन काळवंडलेली, किंवा कनेक्टर पॅकपेक्षा स्पष्ट गरम असेल तर दोष सापडला. सपाटीवर तिथे अर्धा वॉटही होत नाही, म्हणून तोपर्यंत कोणाच्या लक्षात आलेलं नसतं. पॅक वेगळा करून कनेक्टर बदलणं हे ज्याला सोल्डरिंग येतं त्याचं काम आहे. धन आणि ऋण वायर एका वेळी कापू नका, कात्रीच शॉर्ट करते.

चौथी, मल्टिमीटर लागतो: व्होल्टेज किती बसतं

हीच माझी सगळ्यात आवडती तपासणी. कारण वरच्या सूत्रातलं पहिलं पद व्होल्टेजमध्ये दिसतं, दुसरं दिसत नाही. उलटणारी उष्णता व्होल्टेज बसवत नाही. त्यामुळे किती व्होल्टेज बसलं यावरून न उलटणारी उष्णता थेट मोजता येते.

चार्ज पन्नास-साठ टक्के असताना पाच मिनिटं गाडी उभी ठेवा आणि पॅकचं व्होल्टेज लिहा. मग सलग चढावर वीस-तीस सेकंद एकसारखा थ्रॉटल धरा आणि शेवटी व्होल्टेज व करंट दोन्ही टिपा. मागे बसलेल्यानं वाचावं, चालवणाऱ्यानं नाही. ॲप नसेल आणि क्लॅम्प मीटर वापरणार असाल तर तो डीसी करंट मोजणारा आहे ना ते बघा. स्वस्त क्लॅम्प बहुतेक फक्त एसी मोजतात आणि इथे शून्य दाखवतात.

दोन व्होल्टेजमधला फरक भागिले करंट, हा रोध. आपल्या पॅकच्या सेलचा मिळून रोध १३ × ४० ÷ ४, म्हणजे १३० मिलिओम. त्यात निकेलच्या पट्ट्या, बीएमएस आणि वायर यांचे वीस-तीस मिलिओम मिळवा. म्हणजे २० ॲम्पियरला तीन-सव्वातीन व्होल्ट बसणं हे ठीक. पाच व्होल्ट बसत असतील तर रोध २५० मिलिओम झाला आहे आणि १०० वॉट आत जळतायत.

मग तेच मोजमाप दोन जागी करा, एकदा पॅकच्या टोकांवर आणि एकदा कंट्रोलरच्या टोकांवर. पॅकवर ३ आणि कंट्रोलरवर ३.८ व्होल्ट बसले तर मधल्या वायर-कनेक्टरमध्ये ०.८ × २० असे १६ वॉट जातायत, पॅकची चूक नाही. दोन्हीकडे पाच तर पॅकच्या आत बघावं लागेल.

इथे एक वाद नेहमी होतो. कोणीतरी पॅकला छोटा रोधमापक लावलेला असतो आणि त्यानं सेलचा रोध वीस मिलिओमच दाखवलेला असतो. 'सेल तर ठणठणीत आहे!' तो मीटर एक किलोहर्ट्‌झच्या एसी करंटनं मोजतो. एवढ्या झटपट उलटणाऱ्या करंटमध्ये फक्त धातू, इलेक्ट्रोलाइट आणि जोडांचा रोध कळतो. आयन पृष्ठभागावरून आत शिरताना आणि कणांच्या आत सरकताना जो अडथळा येतो तो उलगडायला सेकंद, कधी मिनिटं लागतात. घाटात करंट दहा मिनिटं एकाच दिशेनं वाहतो. तिथे तीस सेकंदांचा आकडा खरा, किलोहर्ट्‌झचा नाही.

पाचवी: गटांचं व्होल्टेज

बीएमएस ब्लूटूथवाला असेल तर ॲपमध्ये तेराही गटांचं व्होल्टेज वेगवेगळं दिसतं. चढावर कोणता गट जास्त खाली जातो ते बघा. ही तपासणी पॅक न उघडता होत असेल तरच करा.

निरोगी गट २० ॲम्पियरला ०.२ व्होल्ट बसतो. एखाद्या गटातल्या एका सेलला निकेलच्या पट्टीशी जोडणारा स्पॉट वेल्ड सुटला असेल तर चौघांची पालखी तिघांच्या खांद्यावर येते. प्रत्येकाला ५ ऐवजी ६.६७ ॲम्पियर, गट ०.२७ व्होल्ट बसतो. सत्तर मिलिव्होल्टचा फरक किरकोळ वाटेल, पण उरलेल्या तिघांची न उलटणारी उष्णता एका वॉटवरून १.७८ वॉटवर गेलेली असते. दोन वेल्ड सुटले तर ४ वॉट. शिवाय त्या गटाची साठवण कमी झाल्यामुळे तो इतरांआधी तळ गाठतो आणि तिथे रोध आणखी वाढतो. तिसऱ्या प्रकारचं लक्षण, एकच कोपरा गरम, बहुतेक वेळा इथून निघतं. बीएमएसचं तापमानाचं सेन्सर एका-दोन जागीच चिकटवलेलं असतं. सुटलेला गट त्यापासून लांब असेल तर ॲप निवांत ४५ दाखवत राहतं आणि पेटीचा दुसरा कोपरा हात लावू देत नाही. म्हणून हातानंही चाचपा.

सगळेच गट सारखे आणि सगळेच जास्त बसत असतील तर वेल्डला दोष देऊ नका. सेल म्हातारे झाले. वापरानं इलेक्ट्रोडवरचा थर जाड होतो, रोध दुप्पट झाला की घाटातली न उलटणारी उष्णताही दुप्पट. याला दुरुस्ती नाही, करंटची मर्यादा कमी करून काही काळ काढता येतो, एवढंच.

चार्जिंगला तापतो?

इथे दोन उष्णतांचा हिशेब फार उपयोगी पडतो. २ ॲम्पियरचा साधा चार्जर सेलच्या वाट्याला अर्धा ॲम्पियर देतो. न उलटणारी उष्णता ०.०१ वॉट, उलटणारी जास्तीत जास्त ०.०३. दोन्ही तापवण्याच्या बाजूनं धरल्या तरी पॅकमध्ये दोन वॉट, म्हणजे दोनेक अंश. तळापासून चार्ज सुरू करताना तर उलटणारी उष्णता आत ओढली जाते, तेव्हा पॅक गरम व्हायचं काही कारणच नाही. म्हणून मंद चार्जरवर पॅक हाताला स्पष्ट गरम लागला तर मी घाटातल्या गरमीपेक्षा ते जास्त गंभीर धरतो. आधी बघा की चार्जरच पॅकला चिकटून ठेवलेला नाही ना. नसेल तर चार्जिंग थांबवा.

घाट चढून आलेला गरम पॅक लगेच चार्जरला लावू नये, हेही यातच आलं. चार्जिंगची मर्यादा ४५ अंश आहे आणि मधला सेल पेटीपेक्षा गरम असतो. तासभर थांबा.

दोन उष्णता वेगळ्या मोजायच्या असतील तर

हे वर्कशॉपमधलं काम, सुट्या सेलवर करायचं. घरी गरज नाही, पण कसं करतात ते माहीत असलेलं बरं. सेलच्या अंगाला ०.१ अंश वाचणारं थर्मोकपल चिकटवतात आणि सेल जाड फोममध्ये गुंडाळतात. चार्जच्या एकाच टप्प्यावर, एकाच करंटनं, आधी दहा मिनिटं रिकामा करतात, निवू देतात आणि मग तेवढाच चार्ज करतात. दोन्ही वेळच्या उष्णतेची बेरीज करून निम्मी केली की न उलटणारी, वजाबाकी करून निम्मी केली की उलटणारी.

आपल्या सेलवर १.२५ ॲम्पियरनं हे केलं तर रिकामं करताना ०.१४ वॉट, म्हणजे दहा मिनिटांत जवळपास दोन अंश चढ. तेवढ्याच करंटनं चार्ज करताना उणे ०.०१ वॉट, काटा जागच्या जागी किंवा किंचित खाली. पहिल्यांदा बघणाऱ्याला थर्मोकपल सुटल्यासारखं वाटतं. हीच तपासणी ५ ॲम्पियरला केली तर हा खेळ दिसेनासा होतो, न उलटणारी सगळं झाकून टाकते. शिवाय असल्या सेलला चार्ज करताना एवढा करंट द्यायचाच नसतो.

`dU/dT` थेट मोजायचा मोह होतो: सेल वीस अंश गरम करा, व्होल्टेज बघा. बदल फक्त चार मिलिव्होल्टचा असतो आणि सेल निवांत व्हायला तास जातात. साध्या मल्टिमीटरनं यातून काही हाती लागत नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

करंट नसताना पॅक गरम असेल तर तो गाडीतून काढून मोकळ्या जागी, फरशीवर किंवा मातीत, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा. ९० अंशांच्या आसपास इलेक्ट्रोडवरचा संरक्षक थर मोडू लागतो आणि त्यातून स्वतःची उष्णता निघते. ती करंट बंद केला तरी थांबत नाही, आणि वरच्या सूत्रातल्या दोन पदांत ती कुठेच बसत नाही.

गोडसर, नेलपॉलिशसारखा वास, पेटी फुगलेली, एखादा गट निवांत असतानाही इतरांपेक्षा रोज थोडा खाली सरकतोय, पॅक पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यात बुडालेला, मंद चार्जरवर गरम: यातलं एकही असेल तर चार्जही करू नका आणि 'एकदा बघतो' म्हणून चालवूही नका.

पॅकची पेटी उघडणं हेही तुमचं काम नाही. भरलेला पॅक ५४.६ व्होल्टचा असतो. तो झटका क्वचित मोठा देतो, खरा धोका शॉर्टचा. पाना किंवा अंगठी दोन पट्ट्यांमध्ये टेकली तर शेकडो ॲम्पियर वाहतात आणि तो धातू तिथेच वितळतो. सुटलेला वेल्ड सोल्डरिंगच्या बंदुकीनं जोडून देणारे आहेत. त्यांना पॅक देऊ नका. सेलच्या ऋण टोकावर तेवढी उष्णता दिली की आतला विभाजक पडदा दुखावतो. हे काम स्पॉट वेल्डरचं, आणि बदललेला सेल बाकी सेलच्या रोधाशी आणि साठवणीशी जुळवून घ्यावा लागतो. नाहीतर नवा, कमी रोधाचा सेल गटातला जास्त करंट स्वतःकडे ओढतो.

दुरुस्तीला देताना 'तापतो' एवढंच सांगू नका. किती टक्के चार्जला, किती ॲम्पियरला, किती मिनिटांत, पेटीचा कोणता कोपरा, निवांत आणि भाराखालचं व्होल्टेज किती, आणि चार्जरवर तापतो का, हे कागदावर लिहून द्या. सुरुवातीचं तापमानही लिहा, तेच नेमकं राहून जातं.